दोन टाक्या, एक पंप: मीटर बरोबर असूनही टाकी का भरून वाहते

यंत्रांच्या नियंत्रणशास्त्रातली स्टेट-स्पेस पद्धत शिकवताना बहुतेक वेळा A, B, C, D या चार मॅट्रिक्सपासून सुरुवात होते. मग रँकच्या दोन कसोट्या येतात आणि विद्यार्थी त्या पाठ करतो. रँक कमी आली की प्रत्यक्ष यंत्रात काय बिघडतं, हे मात्र राहूनच जातं. म्हणून इथे एकच मांडणी घेऊ आणि तिच्यात काय काय होतं ते आकड्यांसह शेवटपर्यंत पाहू. मांडणी मुद्दाम लहान ठेवली आहे, म्हणजे सगळं गणित कागदावर करता येईल.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर दोन सारख्या उभ्या टाक्या आहेत. प्रत्येकीच्या तळाचं क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी, उंची ३० सेंमी. तळाशी ०.५ चौ. सेंमीचं भोक, म्हणजे साधारण ८ मिमी व्यासाचं. एकच पंप आहे. त्याचं पाणी टी-जोडातून निम्मं निम्मं होऊन दोन्ही टाक्यांत पडतं. दोन्ही टाक्यांतून बाहेर येणारं पाणी एकाच नळीत एकत्र होतं आणि त्या नळीवर एक फ्लो मीटर बसवलेला आहे. पंपाचा वेग आपल्या हातात आणि मीटरचा आकडा आपल्या डोळ्यांसमोर, एवढीच आपली सामग्री. दोन्ही टाक्यांत पाणी २० सेंमीवर राहावं, असं आपल्याला हवं आहे.

२० सेंमी उंचीवर भोकातून पाणी √(2gh) या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १९८ सेंमी वेगाने बाहेर पडतं. भोकाचं क्षेत्रफळ ०.५ चौ. सेंमी असल्यामुळे प्रत्येक टाकीतून सेकंदाला ९९ घन सेंमी पाणी जातं. पातळी स्थिर ठेवायची तर पंपाने सेकंदाला १९८ घन सेंमी, म्हणजे मिनिटाला जेमतेम बारा लिटर पाणी द्यायला हवं. (इथे भोकाचा डिस्चार्ज कोइफिशंट सोयीसाठी १ धरला आहे. खऱ्या भोकाला तो बराच कमी असतो आणि त्यानुसार आकडे बदलतात, पण युक्तिवाद बदलत नाही.)

आता या स्थिर बिंदूच्या आसपास समीकरण रेषीय करू. पहिल्या टाकीची पातळी २० सेंमीपासून जितकी वरखाली झाली ती x1, दुसरीची x2. पंपाचा प्रवाह १९८ पासून जितका बदलला तो u. पातळी एक सेंमीने वाढली की भोकातला प्रवाह सुमारे २.५ घन सेंमी प्रति सेकंदाने वाढतो. त्याला तळाच्या क्षेत्रफळाने भागलं की ०.०२५ प्रति सेकंद येतात. म्हणजे टाकीचा टाइम कॉन्स्टंट ४० सेकंद.

```
x1' = -0.025 x1 + 0.005 u
x2' = -0.025 x2 + 0.005 u
y   =  2.5 x1 + 2.5 x2
```

हीच स्टेट-स्पेस मांडणी. x1 आणि x2 या स्थिती: या क्षणी त्या दोन संख्या माहीत असल्या आणि इथून पुढे पंप कसा चालणार हे माहीत असलं, की पुढचं सगळं ठरतं. आधी काय झालं होतं ते विचारावं लागत नाही. पहिल्या दोन ओळींतले -0.025 हे A मध्ये जातात, 0.005 हे B मध्ये आणि शेवटच्या ओळीतले 2.5 हे C मध्ये. पंपाचा बदल मीटरवर थेट उमटत नाही, आधी टाकीतून जातो, म्हणून D शून्य.

याच मांडणीचं ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे मधल्या स्थिती वगळून इनपुट u आणि आउटपुट y यांचं नातं थेट सांगणारं सूत्र, काढलं तर काय हाती येतं ते पाहा:

```
Y/U = 0.025 / (s + 0.025)
```

फक्त पहिल्या क्रमाचं. दोन टाक्या असूनही कागदावर एकच टाकी उरली. पंप-ते-मीटर एवढ्याच वाटेने पाहणाऱ्याला दुसरी टाकी अस्तित्वात आहे हेच कळत नाही. पंपाला स्टेप द्या, मीटरचा आलेख नोंदवा, त्यावर वक्र बसवा: तो सुरेख बसेल, टाइम कॉन्स्टंट बरोबर ४० सेकंद येईल आणि मॉडेल पूर्ण झालं असं वाटेल. नियंत्रणशास्त्रज्ञ रुडॉल्फ कालमन यांनी १९६० च्या सुमारास नेमकं यावर बोट ठेवलं. ट्रान्सफर फंक्शनमध्ये यंत्राचा तेवढाच भाग दिसतो जो इनपुटने हलवता येतो आणि आउटपुटवर उमटतोही. बाकीचा भाग गणितात छेदून जातो, पण टेबलावर असतोच.

छेदून गेलेला भाग कुठला, हे शोधायला x1 आणि x2 यांच्याऐवजी त्यांची बेरीज आणि वजाबाकी घेऊ. z = x1 + x2 आणि d = x1 − x2 धरलं की समीकरणं अशी होतात:

```
z' = -0.025 z + 0.01 u
d' = -0.025 d
y  =  2.5 z
```

दुसऱ्या ओळीत u नाही आणि तिसऱ्या ओळीत d नाही. सगळा विषय या दोन गैरहजेऱ्यांत आहे. पंप काहीही करो, दोन पातळ्यांमधला फरक आपल्या गतीने चालतो, कारण पंप दोघींना नेहमी सारखंच देतो. ही नियंत्रणीयतेची उणीव. आणि फरक कितीही असो, मीटर फक्त बेरीज वाचतो. पहिली टाकी २४ वर आणि दुसरी १६ वर असली तरी मीटर दोन्ही २० वर असल्यासारखाच आकडा दाखवतो. ही निरीक्षणीयतेची उणीव.

पाठ्यपुस्तकातली कसोटी हेच आकड्यांत सांगते. B आणि AB हे दोन स्तंभ शेजारी ठेवायचे. पंप पहिल्या क्षणी स्थितीला कोणत्या दिशेला ढकलतो ते B सांगतं, आणि तो ढकला यंत्रातून थोडा वेळ फिरून कोणत्या नव्या दिशेला वळतो ते AB सांगतं. दोन दिशा वेगळ्या असतील तरच दोन्ही मिळवून सगळीकडे पोचता येतं. इथे AB हा B चाच -0.025 पट आहे. ढकला फिरून पुन्हा त्याच रेषेवर येतो. C आणि CA या ओळींचंही तसंच: मीटरचा आकडा आणि त्या आकड्याचा बदलण्याचा वेग, दोघेही x1 + x2 बद्दलच बोलतात.

```python
import numpy as np
A = np.array([[-0.025, 0], [0, -0.025]])
B = np.array([[0.005], [0.005]])
C = np.array([[2.5, 2.5]])
Wc = np.hstack([B, A @ B])
Wo = np.vstack([C, C @ A])
print(np.linalg.matrix_rank(Wc), np.linalg.matrix_rank(Wo))
```

उत्तर `1 1`. दोन हवे होते.

आता खरा प्रश्न: यातून नुकसान काय? या मांडणीत फारसं नाही. d' = -0.025 d म्हणजे फरक आपोआप ओसरतो, दर २८ सेकंदांना निम्मा होतो. आपला हात पोचत नाही तो भाग स्वतःच शांत होत असेल तर त्याला स्टॅबिलायझेबल म्हणतात, आणि बऱ्याच कामांना तेवढं पुरतं. टी-जोड जरासा वाकडा असून पाणी ५१ आणि ४९ टक्के असं वाटलं गेलं, तरी पातळ्या सुमारे २०.८ आणि १९.२ सेंमीवर स्थिरावतात. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पण एकच बदल करू. भोकांच्या जागी प्रत्येक टाकीखाली ठरावीक प्रवाहाचा पंप लावू. कारखान्यात टाकीखाली मीटरिंग पंप असतो तसा, पातळी कितीही असो, सेकंदाला १०० घन सेंमी पाणी ओढणारा. आता पाणी किती बाहेर जातं याचा पातळीशी संबंध उरला नाही. d' = −0.025 d हे जाऊन d' = 0 आलं. फरक ओसरण्याची वाटच बंद झाली. मुख्य पंप सेकंदाला २०० देतो, बाहेर २०० जातं, हिशोब जुळतो. पण टी-जोड ५१-४९ वाटतो. पहिल्या टाकीत १०२ येतं आणि १०० जातं. दुसरीत ९८ येतं आणि १०० जातं. पहिली सेकंदाला ०.०२ सेंमीने, म्हणजे मिनिटाला १.२ सेंमीने चढते आणि दुसरी तेवढीच उतरते. २० वरून सुरुवात केली तर आठ-साडेआठ मिनिटांत पहिली काठावरून वाहू लागते, आणि सतराव्या मिनिटाच्या आसपास दुसरी कोरडी पडून तिचा पंप हवा ओढू लागतो. पहिली वाहायला लागेपर्यंत, आणि त्यानंतरही दुसरी रिकामी होईपर्यंत, एकत्र नळीवरचा मीटर अचूक २०० दाखवत राहतो. कंट्रोलरकडे चूक शून्य आहे, त्यामुळे तो पंपाला हात लावत नाही. आणि त्याने लावला असता तरी फरक तसाच राहिला असता.

असा दोष ओळखायचा कसा? मीटर आणि पंपाच्या नोंदी कितीही काळ तपासल्या तरी तो तिथे सापडणार नाही, कारण तिथे तो उमटतच नाही. तो सापडतो मॉडेल लिहिताना. प्रत्येक टाकी, प्रत्येक साठा स्वतंत्र स्थिती म्हणून मांडायचा आणि मग रँक पाहायची. म्हणूनच मोजमापावरून थेट बसवलेल्या ट्रान्सफर फंक्शनवर विसंबण्याआधी यंत्रात पाणी, उष्णता किंवा ऊर्जा साठवणाऱ्या जागा किती आहेत ते मोजावं, असं मला ठामपणे वाटतं. मॉडेलचा क्रम त्या संख्येपेक्षा कमी आला तर काहीतरी लपलं आहे.

परत भोकांच्या मांडणीकडे येऊ. दोष सममितीचा आहे, तर सममिती मोडून पाहू. दुसऱ्या टाकीच्या जागी दुप्पट तळाची, २०० चौ. सेंमीची टाकी ठेवू. भोक तेच. तिचा टाइम कॉन्स्टंट ८० सेकंद होतो:

```
x1' = -0.025  x1 + 0.005  u
x2' = -0.0125 x2 + 0.0025 u
```

आता AB आणि B एका रेषेत नाहीत. त्या दोन स्तंभांचा निश्चयक शून्य नाही, दोन्ही रँक दोन येतात. यंत्र नियंत्रणीय झालं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, आणि तो सुटावा म्हणून थोडं थांबायला हवं. नियंत्रणीय म्हणजे हव्या त्या स्थितीला एखाद्या क्षणी पोचवता येतं. तिथे टिकवता येतं, असं ते वचन नाही. पहिली टाकी २०.५ वर आणि दुसरी १९.५ वर न्यायची आहे असं धरू. पंप ४० सेकंद एका वेगाने आणि पुढचे ४० सेकंद दुसऱ्या वेगाने चालवायचा. दोन समीकरणं, दोन अज्ञातं. उत्तर येतं: आधी u = -43.2, मग u = +19.8. म्हणजे पंप १९८ वरून आधी १५५ च्या आसपास खाली आणायचा. चाळीस सेकंदांनी पहिली टाकी जवळजवळ साडेपाच सेंमीने उतरलेली असते आणि दुसरी ३.४ सेंमीने, कारण मोठी टाकी आळशी आहे. मग पंप २१८ वर न्यायचा. चपळ टाकी वेगाने वर येते, आळशी मागे राहते, आणि बरोबर ऐंशीव्या सेकंदाला एक अर्धा सेंमी वर तर दुसरी अर्धा सेंमी खाली असते. दोन टाक्यांच्या वेगातल्या फरकाचाच उपयोग करून घेतला.

एक्क्याऐंशीव्या सेकंदाला मात्र ते मोडतं. स्थिर राहायचं तर दोन्ही डेरिव्हेटिव्ह शून्य हवेत, आणि वरच्या समीकरणांत तसं केलं की x1 = 0.2u आणि x2 = 0.2u येतं. म्हणजे एका पंपाने टिकवता येणाऱ्या पातळ्या दोन्ही टाक्यांना सारख्याच. पंप २१८ वरच ठेवला तर दोन्ही हळूहळू चार सेंमीने वर जाऊन स्थिरावतात. १९८ वर आणला तर दोन्ही २० वर परततात. वेगवेगळ्या पातळ्या कायम ठेवायच्या तर टी-जोडाच्या जागी दोन वेगळे व्हॉल्व्ह लागतात, म्हणजे B मध्ये दुसरा स्तंभ लागतो. रँक दोन आली म्हणून ही गरज संपत नाही.

दुसरा मुद्दा रँकच्या हो-नाही उत्तराचा. दुप्पट तळाऐवजी दुसरी टाकी १०५ चौ. सेंमीची घेतली तर? टाइम कॉन्स्टंट ४० आणि ४२ सेकंद. संगणक रँक दोनच सांगतो, यंत्र नियंत्रणीय ठरतं. पण तोच अर्धा-अर्धा सेंमीचा फरक त्याच ऐंशी सेकंदांत हवा असेल, तर पहिल्या टप्प्याला u = -447 लागतो. पंप १९८ वर चालतोय. त्याला उणे २४९ वर न्यायचं, म्हणजे टाक्यांतून पाणी उलट ओढायचं. नळाला आपण तसं सांगू शकत नाही. कसोटीने जे शक्य ठरवलं ते पंपाने अशक्य ठरवलं. म्हणून रँक पाहून झाल्यावर एखादा ठोस बदल घ्यावा आणि त्याला लागणारा u प्रत्यक्ष काढावा. तो पंपाच्या मर्यादेत बसतो का, आणि मधल्या काळात पातळ्या रेषीय मॉडेल चालेल इतक्याच हलतात का, हे त्यातून लगेच दिसतं. निश्चयकाची किंमत लहान आहे की मोठी यावर मात्र काही ठरवू नये. सेंमीऐवजी मीटर घेतले की ती बदलते.

निरीक्षणाच्या बाजूलाही हेच घडतं. ४० आणि ८० सेकंदांच्या मांडणीत पुन्हा पहिली टाकी चार सेंमी वर आणि दुसरी चार सेंमी खाली घेऊ, आणि पंप १९८ वर स्थिर ठेवू. सुरुवातीला मीटर काहीच फरक दाखवत नाही. पण पहिली टाकी लवकर उतरते, दुसरी सावकाश भरते, म्हणून बेरीज शून्याखाली जाते:

```
y(t) = 10 (e^(-t/40) - e^(-t/80))
```

सुमारे पंचावन्न सेकंदांनी y सर्वांत खाली, उणे २.५ ला पोचतो आणि मग परततो. या खळगीवरून x1 आणि x2 दोन्ही वेगवेगळे काढता येतात. ऑब्झर्व्हर हेच काम सतत करत असतो. पण १९८ मधून २.५ म्हणजे सव्वा टक्का. मीटरची अचूकताच एक टक्क्याची असेल तर ती खळगी गोंगाटात बुडते. शिवाय आपण वर्गमूळाचा वक्र सरळ रेषेने बदलला होता. २४ आणि १६ सेंमीवर खऱ्या भोकांतून मिळून सुमारे १९७.१ पाणी येतं, १९८.१ नाही. मॉडेलची स्वतःची चूकच एक घन सेंमीची, आणि शोधायचा संकेत अडीचचा. अशा ठिकाणी ऑब्झर्व्हरचे गेन वाढवत बसण्यापेक्षा एका टाकीवर पातळीचा सेन्सर बसवणं शहाणपणाचं. तो फ्लो मीटरच्या जोडीला हवा. एकटा असेल तर पहिल्या टाकीवरचा सेन्सर फक्त पहिलीच टाकी पाहतो, कारण या मांडणीत दुसरीचं पाणी पहिलीत येतच नाही.

ते येऊ लागलं तर? मूळच्या सारख्या टाक्या घेऊन त्यांच्या तळांना एक बारीक नळी जोडू. पातळीच्या फरकाच्या प्रमाणात पाणी इकडून तिकडे जाईल, त्याचा गुणांक k.

```
x1' = -0.025 x1 - k (x1 - x2) + 0.005 u
x2' = -0.025 x2 + k (x1 - x2) + 0.005 u
```

फरकाचं समीकरण d' = -(0.025 + 2k) d होतं: तो आता जलद ओसरतो, पण u तिथे अजूनही नाही. नियंत्रणीयता आली नाही. आता फ्लो मीटर काढून फक्त पहिल्या टाकीवर पातळीचा सेन्सर लावू. C = [1 0], आणि CA च्या दुसऱ्या घरात k येतो. निश्चयक k इतका, म्हणजे शून्य नाही. एकाच सेन्सरने दोन्ही पातळ्या कळतात, पण फरक अजून पंपाच्या हाताबाहेर आहे. दोन गुणधर्म इथे स्पष्टपणे वेगळे होतात. नियंत्रणीयता पाणी कुठे सोडता त्यावर ठरते, निरीक्षणीयता कुठे मोजता त्यावर.

मग टी-जोडही काढून पंपाचं सगळं पाणी पहिल्या टाकीत सोडायचं. पातळ्यांचा स्थिर बिंदू सरकतो आणि सगळे गुणांक पुन्हा काढावे लागतात, पण रचना तीच राहते: B च्या दुसऱ्या घरात शून्य, AB च्या दुसऱ्या घरात k गुणिले b, आणि निश्चयक b²k. आता एक पंप आणि एक सेन्सर एवढ्यावर दोन्ही कसोट्या पार होतात. दोन्हींचा भार मात्र त्या एका बारीक नळीवर येतो. नळीत क्षार साचून k उतरू लागला की नियंत्रण आणि निरीक्षण एकदमच क्षीण होतात, आणि पहिल्या टाकीवरचा सेन्सर याबद्दल फारसं सांगत नाही. त्यामुळे या मांडणीत एकच सेन्सर परवडत असेल तर मी तो दुसऱ्या टाकीवर लावेन. तिथूनही दोन्ही पातळ्या कळतात, निश्चयकात तसाच k येतो. पण पंपाला छोटी स्टेप दिल्यावर दुसऱ्या टाकीचा प्रतिसाद आधीपेक्षा कमी आणि उशिरा येऊ लागला, की नळी साफ करायची वेळ झाली हे त्याच आलेखावर दिसतं.